प्रात्यक्षिकाच्या जादा तासांसाठी विभागप्रमुखांना पत्र: आधी हिशेब, मग मजकूर

प्रश्न: मी बी.एस्सी. द्वितीय वर्षाची वर्गप्रतिनिधी आहे. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा २४ मार्चपासून आहे. आमच्या १८ जणांच्या बॅचची दोन सत्रे पाइपलाइन दुरुस्तीमुळे बुडाली. निकेलचा प्रयोग जोडीने झाला, एस्टरचा फक्त दाखवला आणि ईडीटीएची रीडिंग्ज कुणाचीच जुळत नाहीत. मागे एकदा ‘जादा प्रॅक्टिकल मिळावेत’ असा अर्ज दिला होता, तो ‘बघू’ म्हणून तसाच राहिला. आता पत्र कसे लिहू म्हणजे तास खरोखर मिळतील?

उत्तर:

‘बघू’ म्हणून बाजूला पडणाऱ्या अर्जांची भाषा सहसा वाईट नसते. त्यांच्यावर सही करण्याजोगे काही नसते, ही खरी अडचण. ‘जादा प्रॅक्टिकल मिळावेत’ एवढेच लिहिले, तर कोणत्या दिवशी, किती वेळ, किती विद्यार्थी, कोण लक्ष ठेवणार आणि कोणती द्रावणे लागणार हे सगळे विभागप्रमुखांना स्वतः बसून ठरवावे लागते. परीक्षेच्या तोंडावर त्यांच्याकडे त्यासाठी वेळ नसतो. म्हणून हे काम तुम्ही करून द्या. कागद असा हवा की त्यावर ‘मान्य’ असा शेरा मारला की तोच पुढे प्रयोगशाळा सहायकाच्या हातात देता यावा.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या तिन्ही अडचणी एकाच जातीच्या नाहीत. निकेल आणि एस्टर यांना खरोखर वेळ कमी पडला आहे. ईडीटीएचे मात्र वेगळे असू शकते. एक-दोघांचीच रीडिंग्ज जुळत नसतील तर तो हाताचा प्रश्न असतो. अख्ख्या बॅचची जुळत नसतील तर आधी बाटलीकडे बघा. एरिओक्रोम ब्लॅक टीचे द्रावण फार दिवस टिकत नाही. जुने झाले की वाइनसारख्या लाल रंगातून स्वच्छ निळ्यावर जाण्याऐवजी रंग मधेच जांभळट रेंगाळतो आणि जो तो आपापल्या अंदाजाने थांबतो. बफर कमी पडून पीएच १० च्या खाली राहिला तरी हेच होते. सरांना किंवा सहायकांना विचारून इंडिकेटर ताजा करून घ्या. मिठात साधारण १ : १०० या प्रमाणात खलून ठेवलेली पूड द्रावणापेक्षा खूप जास्त टिकते. ताज्या इंडिकेटरवर दोघांनी नेहमीच्या तासाला प्रयोग करून पाहावा. रीडिंग्ज जुळली तर ईडीटीएसाठी जादा तास मागण्याची गरज उरणार नाही, किंवा एक छोटे सत्र पुरेल. जी अडचण नव्या बाटलीने सुटते तिच्यासाठी तास मागितले की विभागप्रमुखांना ते लगेच कळते, आणि मग बाकीच्या मागणीकडेही ते त्याच नजरेने पाहतात.

आता तासांचा हिशेब. तो प्रयोगाच्या टप्प्यांवरून काढायचा, ‘दोन-दोन तास द्या’ असा ठोकळ नाही. निकेल डायमिथाइल ग्लायॉक्झिमने वजनी पद्धतीने काढायचे, तर द्रावण घेऊन पातळ करून ७०–८० अंशांपर्यंत तापवायला वीसेक मिनिटे जातात. अभिकर्मक घालून अमोनियाचा हलका वास येईपर्यंत थेंबथेंब अमोनिया टाकून लाल साका पाडायला आणखी वीस. मग वॉटर बाथवर अर्धा तास, थंड व्हायला एक तास, गाळून क्लोराइड जाईपर्यंत धुवायला अर्धा तास, ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर पन्नास मिनिटे, डेसिकेटरमध्ये वीस आणि वजनाला दहा मिनिटे. इथेच चार तास झाले. स्थिर वजनासाठी दुसऱ्यांदा सुकवायचे म्हणजे आणखी अर्धा तास. रिकाम्या क्रूसिबलचे स्थिर वजन साका थंड होईपर्यंत करून घेता येते, त्यामुळे त्याचा वेळ वेगळा धरू नका. तरीही साडेचार तासांखाली हा प्रयोग एका बैठकीत बसत नाही. दोन तासांचे सत्र मिळाले तर मुले लाल साका पाहून घरी जातील आणि परीक्षेत जिथे गुण जातात ते धुणे, सुकवणे आणि वजन करणे पुन्हा राहूनच जाईल.

बॅच किती जणांची करायची हे विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. जे उपकरण सगळ्यात कमी आहे ते ही संख्या ठरवते. निकेलसाठी ते उपकरण म्हणजे जी-४ सच्छिद्रतेचे सिंटर्ड क्रूसिबल. सहायकांना विचारून धड क्रूसिबल किती आहेत ते मोजून घ्या, कपाटातली तडकलेली धरू नका. खालच्या नमुन्यात मी ९ धरली आहेत, म्हणजे १८ जणांना दोन सत्रे लागतील. मोजणीत ६ निघाली तर तीन सत्रे मागावी लागतील, आणि तसे स्पष्ट लिहावे लागेल. एस्टरच्या प्रयोगात मात्र सगळे एकदम बसू शकतात. दर दहा मिनिटांनी रीडिंग घ्यायचे असते, त्याला भिंतीवरचे घड्याळ पुरते.

एस्टरच्या प्रयोगात वेळापत्रकाची एक मेख आहे. मिथाइल अॅसिटेटच्या जलअपघटनात शेवटचे, म्हणजे अनंत काळाचे रीडिंग लागते. बूच लावलेल्या बाटलीत मिश्रण २४ तास ठेवून ते घेतात. वॉटर बाथवर तापवून त्याच दिवशीही घेता येते, पण मिथाइल अॅसिटेट उडून जाणारे आहे. बूच सैल राहिले तर हे रीडिंग कमी येते आणि वेगस्थिरांक चुकतो. म्हणून एस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, चोवीस तास भरल्यावर प्रयोगशाळा उघडी मिळेल अशी सत्रे मागा. ईडीटीएचे दोन तास तिथेच जोडले की वेगळी वेळ मागावी लागत नाही.

द्रावणांचा हिशेबही एका कागदावर मांडा. ईडीटीएला एका विद्यार्थ्याचे एक पायलट आणि तीन रीडिंग्ज, प्रत्येकी सुमारे १० मि.ली., शिवाय ब्युरेट खंगाळणे धरून ६० मि.ली. लागतात. १८ जणांचे १०८० मि.ली. झाले, म्हणून सव्वा लिटर मागा. ०.०१ मोलर द्रावणाला डायसोडियम क्षार लिटरला ३.७२ ग्रॅम लागतो, म्हणजे सव्वा लिटरला ४.६५ ग्रॅम. हे वजन करून ठेवायला सहायकांना दहा मिनिटे पुरतात, मात्र आदल्या दिवशी सांगितले असेल तर. खरी अडचण बहुतेकदा डिस्टिल्ड वॉटरची निघते. वॉश बॉटल, द्रावण पातळ करणे आणि शेवटचे धुणे मिळून प्रत्येकी एक लिटर धरले तर १८ लिटर लागतात. ताशी ४ लिटर देणारे यंत्र त्यासाठी साडेचार तास चालवावे लागते. सकाळी अर्ज देऊन दुपारी प्रयोग मागणाऱ्यांचे गाडे इथेच अडते. नाही म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, पण पाणीच तयार नसते.

तारखा निवडताना परीक्षेच्या आधीचे दोन-तीन दिवस सोडा. त्या दिवसांत प्रयोगशाळेत परीक्षेची द्रावणे बनत असतात, अज्ञात नमुन्यांच्या बाटल्यांवर क्रमांक पडत असतात. तेव्हा विद्यार्थ्यांना आत घेणे गोपनीयतेच्या दृष्टीने शक्य नसते, आणि ती मागणी केली की उगाच संशयही येतो. त्याच कारणाने ‘परीक्षेत येणारे प्रयोग करून घ्यावेत’ असे वाक्य पत्रात चुकूनही नको. जे प्रयोग वैयक्तिकरीत्या करायचे राहिले तेवढेच लिहा. दुसऱ्या टोकाला, पत्र पहिल्या सत्राच्या किमान दोन आठवडे आधी द्या, म्हणजे शिक्षकांच्या वेळा बदलायला आणि भांडारातून रसायने काढायला अवधी राहील.

पत्र असे लिहिता येईल:

दिनांक : २४ फेब्रुवारी

प्रति,
माननीय विभागप्रमुख,
रसायनशास्त्र विभाग

मार्फत : प्रात्यक्षिक बॅचचे प्रभारी शिक्षक

विषय : प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी चार जादा प्रात्यक्षिक सत्रे (एकूण १४ तास) मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही बी.एस्सी. द्वितीय वर्ष, बॅच ब मधील १८ विद्यार्थी आहोत. आमची प्रात्यक्षिक परीक्षा २४ मार्चपासून सुरू होत आहे. प्रयोगशाळेतील पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे आमच्या बॅचची दोन सत्रे होऊ शकली नाहीत. त्यामुळे निकेलचे वजनी विश्लेषण आम्ही जोडीने केले असून वैयक्तिकरीत्या केलेले नाही. मिथाइल अॅसिटेटच्या जलअपघटनाचे प्रात्यक्षिक आम्ही पाहिले आहे, परंतु स्वतः केलेले नाही. ईडीटीए अनुमापन सर्वांनी केले आहे, मात्र इंडिकेटर बदलल्यानंतरही सहा जणांच्या रीडिंग्जमध्ये ०.३ मि.ली. पेक्षा जास्त फरक येत आहे.

विभागाच्या वेळापत्रकानुसार पुढील वेळी प्रयोगशाळा मोकळी आहे. या वेळा आम्हाला मिळाव्यात, अशी विनंती आहे.

मंगळवार, ११ मार्च, दुपारी १२.३० ते ५.०० : निकेल, हजेरी क्र. १ ते ९
बुधवार, १२ मार्च, दुपारी २.०० ते ५.०० : मिथाइल अॅसिटेटचे जलअपघटन, सर्व १८
गुरुवार, १३ मार्च, दुपारी २.०० ते ४.०० : आदल्या दिवसाच्या मिश्रणाचे अंतिम रीडिंग आणि ईडीटीए अनुमापन, सर्व १८
मंगळवार, १८ मार्च, दुपारी १२.३० ते ५.०० : निकेल, हजेरी क्र. १० ते १८

निकेलचा प्रयोग स्थिर वजनापर्यंत पूर्ण होण्यास साडेचार तास लागतात व सिंटर्ड क्रूसिबल ९ उपलब्ध आहेत, म्हणून बॅच दोन भागांत विभागली आहे. सलग साडेचार तास देणे शक्य नसल्यास पहिल्या दिवशी तीन तास (गाळून धुण्यापर्यंत) व दुसऱ्या दिवशी दोन तास (सुकवणे व वजन) अशी विभागणीही चालेल.

या सत्रांना कोणत्या शिक्षकांनी उपस्थित राहावे, हे आपण ठरवावे. शिक्षक उपस्थित नसताना आम्ही काम सुरू करणार नाही. लागणाऱ्या द्रावणांची व डिस्टिल्ड वॉटरची यादी सोबत जोडली आहे. ती द्रावणे तयार करण्यात प्रयोगशाळा सहायकांच्या देखरेखीखाली मदत करण्यास प्रत्येक सत्राच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी चार जण उपस्थित राहतील. मोडतोड झाल्यास तिची नोंद नेहमीप्रमाणे नोंदवहीत केली जाईल.

सर्व सत्रे शक्य नसल्यास निकेलच्या दोन सत्रांना प्राधान्य द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
वर्गप्रतिनिधी, बॅच ब

सोबत : १) १८ विद्यार्थ्यांची नावे, हजेरी क्रमांक व सह्या
२) द्रावणांची यादी

पत्र इथे संपते. आता त्यातल्या काही जागांबद्दल.

‘मार्फत’ ही ओळ गाळू नका. प्रभारी शिक्षकांना वगळून पत्र थेट वर गेले की पहिला प्रश्न ‘त्यांना माहीत आहे का?’ हाच येतो आणि कागद परत खाली उतरतो. त्यांची सही आधी घेतली की मागणी खरी असल्याची साक्ष पत्रावरच मिळते. मात्र अमुक शिक्षकच सत्र घेतील असे पत्रात लिहू नका, त्यांनी तोंडी होकार दिला असला तरी. कुणाला कुठे लावायचे हा विभागप्रमुखांचा अधिकार आहे. पत्राची प्रत प्राचार्यांना पाठवायचा मोहही टाळा. पहिल्याच विनंतीवर वरची प्रत दिसली की विनंतीची तक्रार होते.

कारण लिहिताना दोष कुणावरही ठेवलेला नाही, हे पाहिलेत का? ‘शिकवले नाही’, ‘सरांनी फक्त दाखवले’ असे लिहिले की वाचणारा सत्रांऐवजी बचावाचा विचार करू लागतो. ‘स्वतः केलेले नाही’ हेही तेवढेच खरे आहे आणि मागणीला पुरेसे आहे. पण ते जर्नलशी जुळले पाहिजे. ज्या प्रयोगाचे निष्कर्ष जर्नलमध्ये तुमच्या नावावर लिहून, तपासून, सही होऊन बसले आहेत तो केलेलाच नाही असे पत्रात लिहिले, तर प्रश्न त्या सहीवर येतो आणि अडचणीत शिक्षकही येतात. जोडीने केलेला प्रयोग जर्नलमध्ये जोडीने केलेला म्हणूनच नोंदलेला असावा. हे पत्र देण्याआधी सगळ्यांची जर्नल्स एकदा पाहून घ्या.

ईडीटीएच्या ओळीतला ‘सहा’ आणि ‘०.३’ हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बॅचचे खरे आकडे घाला. इंडिकेटर बदलल्यावर सगळ्यांची रीडिंग्ज जुळली तर ते वाक्य काढा, गुरुवारचे सत्र अंतिम रीडिंगपुरते एका तासाचे करा आणि विषयाच्या ओळीत १४ ऐवजी १३ तास लिहा. विषयातले तास आणि खालच्या यादीची बेरीज जुळली नाही तर बाकीच्या हिशेबावरचाही विश्वास उडतो.

विभागणीचा पर्याय देताना थांबायची जागा मी गाळून धुतल्यानंतरची धरली आहे, कारण साका त्या टप्प्यावर क्रूसिबलमध्ये, डेसिकेटरच्या आत रात्रभर सुखरूप राहतो. साका पडल्यावर बीकर झाकून तसाच रात्रभर ठेवायची सूचना कुणी केली तर ती सोय फसवी आहे. अभिकर्मक जरुरीपेक्षा जास्त पडला असेल तर थंड द्रावणातून तो स्वतःच स्फटिकरूपाने बाहेर पडतो, साक्यात मिसळतो आणि वजन जास्त येते. अभिकर्मक अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असल्याने उलट धोकाही आहे. तो फार ओतला की अल्कोहोलचे प्रमाण वाढून थोडा साका विरघळतो आणि वजन कमी येते. पत्रात हे लिहायचे नाही, पण विभागप्रमुखांनी ‘गाळण्यापर्यंतच का?’ असे विचारले तर उत्तर तोंडावर असावे.

‘शिक्षक उपस्थित नसताना काम सुरू करणार नाही’ हे वाक्य शोभेचे नाही. परवानगी देताना विभागप्रमुखांना पहिली चिंता असते ती गॅस, आम्ल आणि ओव्हन यांच्याजवळ देखरेखीविना उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची. तुमच्या यादीत सोडियम फ्यूजनसारखा प्रयोग असता तर मी त्यासाठी स्वतंत्र सत्र आणि लहान बॅच मागायला सांगितले असते. तिथे तापलेली नळी पाण्यात फोडायची असते आणि सोडियमचा न जळलेला तुकडा आत राहिला तर पाण्याला लागताच तो पेट घेतो. एका शिक्षकाला अशा अठरा नळ्यांवर लक्ष ठेवता येत नाही.

सह्यांच्या यादीत खरोखर येणाऱ्यांचीच नावे घाला. अठरा सह्या आणि हजर सात असे बुधवारच्या सत्राला झाले की पुढची दोन सत्रे आपोआप रद्द होतात, आणि ओतून द्यावी लागलेली द्रावणे सहायकांच्या लक्षात राहतात. येणारे बाराच असतील तर बाराच लिहा, निकेलच्या बॅच सहा-सहाच्या करा आणि द्रावणांची यादी त्या मानाने कमी करा.

पत्र दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेऊन ठेवा. तीन कामाच्या दिवसांत शेरा आला नाही तर मधल्या सुट्टीत एकट्याने जाऊन विचारा, घोळका घेऊन जाऊ नका. शेरा मिळाला की त्याची झेरॉक्स त्याच दिवशी प्रयोगशाळा सहायकांकडे आणि प्रभारी शिक्षकांकडे पोचवा. सही झालेले पत्र कार्यालयाच्या फायलीत आणि सहायकांना पत्ताच नाही, अशाने मंजूर झालेली सत्रेही बुडतात.

चारपैकी दोनच सत्रे मिळाली तर निकेलची घ्या आणि एस्टरसाठी नेहमीच्या तासात मार्ग काढा. एखाद्या नियमित सत्राच्या सुरुवातीला मिश्रण करून ठेवता येते आणि दर दहा मिनिटांच्या रीडिंग्जच्या मधल्या वेळात दुसरे छोटे अनुमापन उरकता येते. अंतिम रीडिंगसाठी दुसऱ्या दिवशी फक्त अर्धा तास लागेल. तेवढ्यासाठी नवे पत्र नको, सहायकांना आधी विचारून प्रभारी शिक्षकांची तोंडी परवानगी घेतली तरी चालते.